अण्णाचा चौऱ्याऐंशीचा एलडीएल

सकाळी फिरायला जाणाऱ्या पुरुषांच्या टोळक्याचा मला मनापासून राग आहे. फिरा ना बाबा, कोण नको म्हणतंय! पण फिरून झालं की तळ्याकाठच्या कट्ट्यावर बसून जगाला औषधं वाटायची असतात ना, ते मला सहन होत नाही. कुणी सांगतो मेथी भिजवून खा, कुणी सांगतो गोळ्यांनी पाय जातात. मी सोलापुरात इतकी वर्षं दवाखाना चालवतेय, आणि माझ्या निम्म्या पेशंटांचं खरं उपचारकेंद्र हा कट्टाच आहे.

माझा थोरला भाऊ त्या कट्ट्याचा राजा होता. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. मार्केट यार्डात त्याची कांद्याची अडत. अंगानं भरलेला, पोट शर्टाच्या बटणांना ताण देणारं, आवाज असा की लिलावात त्याला भोंगा लागायचा नाही. वडील गेले तेव्हा त्याने कॉलेज सोडलं आणि दुकानात बसला, म्हणून मी डॉक्टर झाले. ही गोष्ट तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. ‘आमची तंगी डॉक्टर हाय,’ म्हणायचा. तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. आमच्या घरात निम्मं बोलणं मराठी, निम्मं कन्नड. लाडात आणि रागात कन्नड. तर ही डॉक्टर तंगी त्याला दाखवायला फार आवडायची. तिचं ऐकायचं मात्र नाव नाही.

त्या कट्ट्यावर एक प्रथा होती. वर्षातून एकदा सगळे मिळून तपासणी शिबिरात रक्त द्यायचे. रिपोर्ट आले की कट्ट्यावर मोठ्याने वाचायचे, आणि ज्याचा एलडीएल सगळ्यात कमी तो जिंकला. जिंकलेल्याने सगळ्यांना नाष्टा द्यायचा. म्हणजे हृदय चांगलं असल्याच्या आनंदात भजी आणि जिलेबी! हसावं की रडावं सांगा. ‘वाईट कोलेस्ट्रॉल’ म्हणजे एलडीएल एवढं त्यांना कुठूनतरी कळलेलं, मग बाकीच्या ओळी वाचायची गरजच काय?

त्या वर्षी अण्णा जिंकला. जिलेबीचा पुडा घेऊन थेट माझ्या दवाखान्यात आला. बाहेर पेशंट बसलेले, त्यांच्यासमोरून सरळ आत.

‘हे बघ. चौऱ्याऐंशी! साठीच्या पुढं चौऱ्याऐंशी. अख्ख्या कट्ट्यावर कुणाचा न्हाय.’

‘गोळी चालू केलीस का?’ मी विचारलं. त्याला साखर होती, बीपी होतं, आणि आमच्या वडिलांना हृदयाच्या झटक्यानेच मरण आलेलं. कोलेस्ट्रॉलची गोळी मी त्याला वर्षभर लिहून देत होते. साखरेची घ्यायचा, बीपीची घ्यायचा, ही घ्यायचा नाही. ‘त्या गोळीनं पाय दुखतात,’ हे कट्ट्यावरचं ज्ञान.

‘कशाला गोळी? बिनगोळीचा चौऱ्याऐंशी हाय. आणि आमी काय मटण खातो व्हय? पिढ्यान् पिढ्या शाकाहारी माणसं आमी. आमाला कोलेस्ट्रॉल येणार कुटनं?’

हे तर त्याचं आवडतं वाक्य. कोलेस्ट्रॉल म्हणजे मटणाच्या रश्श्यावरचा तवंग, असा त्याचा पक्का समज. सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, दोन वाट्या, शेंगापोळीवर तूप, दुकानात दिवसभर गोड चहा, हे सगळं शाकाहारीच, म्हणून निर्धोक.

मी रिपोर्ट हातात घेतला. एलडीएल चौऱ्याऐंशी, खरं होतं. पण टोटल कोलेस्ट्रॉल एकशे नव्वद. एचडीएल, म्हणजे ज्याला लोक चांगलं म्हणतात ते, फक्त अठ्ठावीस. आणि ट्रायग्लिसराईड, रक्तातली चरबी, तीनशे नव्वद. मला घाम फुटला म्हटलं तर खोटं ठरेल. राग आला. कारण हे चित्र मी रोज बघते, आणि रोज ते एका आकड्यामागे लपलेलं असतं.

‘अण्णा, तुझ्या पुड्यातला कागद दे,’ म्हटलं, आणि जिलेबीच्या कागदावरच लिहिलं. एकशे नव्वदातून अठ्ठावीस गेले, किती?

‘एकशे बासष्ट. मला काय शिकवतीस, मी अडत्या हाय.’

‘हा तुझा आकडा. ह्याला नॉन-एचडीएल म्हणतात. एकूणातून चांगलं वजा केलं की उरतं ते सगळं शिरांना त्रास देणारं. तुझ्यासारख्या माणसाचा तो शंभराच्या आत पाहिजे. तुझा एकशे बासष्ट आहे.’

‘मग हे चौऱ्याऐंशी काय खोटं हाय? लॅबवाल्यानं छापलंय की.’

त्याला समजेल अशा भाषेत सांगायचं म्हणून मी यार्डात शिरले. ‘हे बघ, कोलेस्ट्रॉल रक्तात एकटं फिरत नाही, कुठल्यातरी गाडीवर लादलेलं असतं. एलडीएल हा एक ट्रक धर. पण यार्डात काय फक्त ट्रक येतात का? टेम्पो येतात, पिकअप येतात, ट्रॅक्टर येतात. रक्तातली ती चरबी वाहून नेणाऱ्या दुसऱ्या गाड्या आहेत, आणि त्यांच्यावरही कोलेस्ट्रॉल असतं. अर्धा माल उतरवून त्या फिरत राहतात, शिरेच्या भिंतीत घुसतात, तिथं माल टाकतात, तसाच ट्रकसारखा. तू गेटवर बसून फक्त ट्रकांवरचा माल लिहिलास आणि म्हणतोस आज आवक कमी. आवक कमी नाही रे, तू बाकीच्या गाड्या लिहिल्याच नाहीस.’

आवकेचं त्याला बरोबर कळलं. मला वाटलं जिंकले.

मग मी दुसरी गोष्ट सांगितली, आणि तिथे मी जरा जास्तच पुढे गेले. सांगितलं की छापलेला चौऱ्याऐंशी मोजलेला नाहीच. त्या शिबिरात एलडीएल गणित करून काढतात. एकूणातून एचडीएल वजा करायचं, आणि ट्रायग्लिसराईडचा पाचवा भाग वजा करायचा. हा पाचवा भाग म्हणजे टेम्पो-पिकअपवरच्या मालाचा अंदाज. चरबी कमी असते तेव्हा अंदाज ठीक बसतो. चरबी तीनशे-चारशेला गेली की तो गरजेपेक्षा जास्त वजा करतो, आणि एलडीएल आहे त्याहून कमी दिसतो. शिवाय अशा माणसाचे एलडीएलचे कण बारीक होतात. प्रत्येक ट्रकवर गोण्या थोड्या, पण ट्रक जास्त. गोण्या मोजल्या तर कमी भरतात, रस्ता मात्र तेवढाच उखडतो. नॉन-एचडीएलसुद्धा गोण्याच मोजतं, पण वाईट गाड्यांपैकी एकही सोडत नाही, म्हणून धोक्याच्या जास्त जवळ जातं. त्यासाठी उपाशीपोटी रक्त द्यायचीही गरज नाही, वेगळा पैसा नाही, नुसती वजाबाकी.

‘म्हणजे मी गोड खाल्लं म्हणून जिंकलो म्हणतीस?’ अण्णा म्हणाला.

‘जवळजवळ तसंच.’

चेहरा असा पडला त्याचा! साठी उलटलेला माणूस, पण शाळेतली ढाल परत मागितल्यासारखा बघत राहिला. मग उसळला. ‘तुला माझ्या कुटल्याच गोष्टीचं कौतुक न्हाय. बरं, तू म्हणतीस तर गोड बंद करतो. भात बंद. हुग्गी बंद. तीन महिन्यांनी परत रक्त देतो. आकडा खाली आला तर गोळीचं नाव काढायचं न्हाय.’

मी म्हटलं, ‘पथ्य कर आणि गोळीही घे, दोन्ही लागतं.’ नाही म्हणाला. त्याचं एकच तुणतुणं, एका वेळी एकच. मी हो म्हणाले. निदान गोड तरी सुटेल.

आणि सोडलं हो त्याने! वैनी, म्हणजे त्याची बायको, फोन करून सांगायची. कडक भाकरी, पालेभाजी, बिनसाखरेचा चहा. यार्डात लोक चेष्टा करायचे, ‘अण्णा साधू झाला’ म्हणायचे. पोट थोडं उतरलं. मी पण खूश होते, उगाच कशाला नाही म्हणू.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. या वेळी तो आला नाही, वैनीने फोटो पाठवला. मी बघितला आणि डोक्याला हात लावला. टोटल एकशे अठ्ठ्याऐंशी, एचडीएल एकोणतीस, ट्रायग्लिसराईड तीनशे नव्वदवरून दोनशेवर आलेलं. शाबासकी द्यायला हवी असा फरक. आणि एलडीएल एकशे एकोणीस.

हे असंच होतं. चरबी कमी झाली, वजा होणारा पाचवा भाग लहान झाला, काही कोलेस्ट्रॉल टेम्पोवरून ट्रकवर गेलं, आणि इतके दिवस दडलेला एलडीएल उजेडात आला. माझी वजाबाकी केली तर एकशे एकोणसाठ. तेव्हा एकशे बासष्ट, आता एकशे एकोणसाठ. म्हणजे धोका होता तिथेच होता, आणि तो कमी करायला गोळीच हवी होती. एलडीएल चौऱ्याऐंशीवरून एकशे एकोणीसवर उडाला, नॉन-एचडीएल जागचा हलला नाही. कुणाला शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. पण हे उदाहरण नव्हतं, माझा भाऊ होता.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. तो बैठकीत मांडी घालून बसलेला. समोर ताट, ताटात भात. हुग्गी पण. वैनी दारात उभी, पदर तोंडाला लावून.

‘ये की डॉक्टरीणबाई, ये,’ अण्णा म्हणाला. ‘तुझं ऐकलं. तीन महिने गवत खाल्लं. काय झालं? चौऱ्याऐंशीचा एकशे एकोणीस झाला! कट्ट्यावर तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाईस.’

‘अण्णा, एलडीएल बघू नकोस. वजाबाकी कर. एकशे अठ्ठ्याऐंशीतून एकोणतीस.’

‘साकु!’ म्हणजे पुरे. ‘वजाबाकी तुझी तुझ्यापाशी ठेव. कमी आला की म्हणतीस खोटा, जास्त आला की म्हणतीस बघू नको. हे कसलं गणित? यार्डात असं बोलला असतास तर लोकांनी पायताण काढलं असतं.’

तो रागात मला मुलासारखं ‘असतास’ म्हणायचा, लहानपणापासूनची सवय. मी ओरडले. हो, ओरडले, लपवायचं काय त्यात? म्हटलं, ‘कमी आला तेव्हाही तुझा धोका तेवढाच होता, आता जास्त आलाय तेव्हाही तेवढाच आहे, हेच सांगतेय मी गाढवा! त्या एका आकड्याला धरून बसू नकोस. गोळी घे. रात्री एक गोळी. तुला काय विष देतेय का?’ गोळीचं पाकीट मी पर्समधून काढून ताटाशेजारी ठेवलं.

‘मला साखरेची हाय, बीपीची हाय, आता ही. मेल्यावर पण गोळ्या घालून जाळशील.’

‘आपल्यात जाळत नाहीत, पुरतात,’ मी म्हटलं.

तो हसला. खरंच हसला. वैनी पण हसली. पण पाकीट त्याने हाताने बाजूला सारलं, आणि हुग्गीत तूप ओतलं. मी न जेवता परत आले.

नंतर मी वैनीला सांगितलं, जेवणानंतर हातावर गोळी ठेव. ती ठेवायची. तो खिशात घालायचा आणि म्हणायचा दुकानात घेतो. धुवायच्या शर्टांच्या खिशात गोळ्यांचा भुगा मिळायचा तिला. ती मला सांगायची आणि आम्ही दोघी त्याला शिव्या द्यायचो, आणि त्याला कोण पटवून देईल याचा विचार करायचो. मी माझ्या एका मित्राला, हृदयरोगतज्ज्ञाला, बोलायला लावलं. अण्णाने त्याला चहा पाजला, कांद्याची पिशवी दिली, आणि गोळी घेतली नाही.

पुढच्या शिबिरात एलडीएल एक्क्याऐंशी. परत जिंकला! ट्रायग्लिसराईड तीनशे पंचाण्णव, नॉन-एचडीएल एकशे साठ. मला त्याने व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट पाठवला आणि खाली जिलेबीचं चित्र. मी उत्तर दिलं नाही. असा संताप आला होता की फोन आपटावासा वाटला.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर मी पण कट्ट्यावरच्यासारखीच ठरेन. नॉन-एचडीएल म्हणजे कुंडली नव्हे. एकशे साठवाली माणसं नव्वदीला पोचलेली मी बघितली आहेत, आणि सगळे आकडे छान असलेला तरुण मुलगा टेबलावर गेलेला बघितलाय. तो आकडा धोका सांगतो, तारीख सांगत नाही. गोळी घेतली असती तर अण्णा वाचलाच असता असं मी शपथेवर म्हणणार नाही. शक्यता कमी झाली असती. आम्ही डॉक्टर लोक दिवसभर शक्यताच विकतो, आणि त्या विकत घेणारं गिऱ्हाईक मिळत नाही.

थंडीत यार्डात लाल कांद्याची आवक तुफान असते. त्या दिवशी लिलाव चालू असताना अण्णाला पोटात वर जळजळल्यासारखं वाटलं. घाम आला. थंडीत घाम! हमाल म्हणाले, अण्णा बसा. तो म्हणाला गॅस झालाय, आणि सोडा मागवला. साखरेच्या माणसाला छातीत कळ येईलच असं नाही, हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल. सोडा प्याला, दोन गाड्यांचा लिलाव पुरा केला, आणि मग खुर्चीवरून खाली घसरला.

मी हॉस्पिटलला पोचले तेव्हा तो कॅज्युअल्टीत होता. चेहरा मातीच्या रंगाचा, ओठ कोरडे, शर्टाला कांद्याच्या सालपटांचा कचरा चिकटलेला. माझा तो हृदयरोगतज्ज्ञ मित्र आधीच आलेला. ईसीजी त्याने माझ्यापुढे धरला. हृदयाचा पुढचा सगळा भाग गेलेला दिसत होता, आणि बीपी लागत नव्हतं. अँजिओग्राफीची तयारी चालली होती.

कट्ट्यावरचे दोघे-तिघे दाराशी आले होते. त्यातला एक माझ्याकडे बघून म्हणाला, ‘डॉक्टर, अहो एक्क्याऐंशी होता त्याचा. आमच्यात सगळ्यात भारी. कसं काय झालं हो?’ त्याचे डोळे भरलेले होते, म्हणून मी त्याच्या कानाखाली वाजवली नाही. तुम्हीही आपापली वजाबाकी करा, एवढंच म्हणाले आणि आत गेले.

सिस्टर ट्रेमध्ये गोळ्या घेऊन आली. झटका आलेल्या माणसाला आधी ज्या देतात त्या, रक्त पातळ करणाऱ्या, आणि त्यांच्यासोबत कोलेस्ट्रॉलची. तीच. मोठ्या मात्रेत. सिस्टर म्हणाली, ‘मॅडम, तोंडात घेत नाहीत.’

मी म्हटलं, ‘द्या इकडे.’

वाकून म्हटलं, ‘अण्णा, तोंड उघड.’

त्याने डोळे उघडले. मला ओळखलं. माझ्या हातावरच्या गोळ्यांकडे बघितलं, आणि त्यातली कुठली कुठली आहे हे त्याला कळलं असावं, कारण ओठाच्या कोपऱ्यात थोडंसं काहीतरी हललं. मग त्याने तोंड उघडलं. अव्वा, आमची आई, आम्हाला औषध पाजायची तेव्हा उघडायचा तसं, मोठं. मी एकेक गोळी जिभेवर ठेवली, चमच्याने पाणी दिलं, गळ्यावर हात फिरवला. सगळ्या गिळल्या. माझा हात त्याने घट्ट धरला. तळहात गार होता.

‘आता घेतो बघ रोज,’ तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मला कान जवळ न्यावा लागला. ‘लागू पडंल न्हवं?’

या गोळीला शिरेच्या भिंतीत मुरायला महिने लागतात, वर्षं लागतात. वर्षानुवर्षं साचलेला माल एका दिवसात उचलला जात नाही. त्याच्याकडे किती वेळ उरलाय हे मी ईसीजीवर बघितलं होतं. दाराशी स्ट्रेचर ओढायला माणसं आली होती.

‘पडेल की अण्णा,’ मी म्हटलं. ‘का नाही पडणार?’

त्याने मान हलवली आणि डोळे मिटले. दुपारी, टेबलावर, शिरेतली गुठळी काढता काढता त्याचं हृदय थांबलं, आणि परत चालू झालं नाही.

आयुष्यभर मी त्याला खरं सांगत आले आणि प्रत्येक वेळी त्याने हुज्जत घातली. त्या दिवशी पहिल्यांदाच उलट न बोलता त्याने माझं ऐकलं, आणि मी खोटं बोलले होते.